प्रश्न कोणाच्या शिवारातला?

आक्षेपक : शेतीशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याविषयी माझी जी शंका आहे, तिचे मूळ खर्चात नाही आणि गेलेली मुले परत येत नाहीत या जुन्या तक्रारीतही नाही, ते त्या शास्त्राच्या स्वभावातच आहे. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी केंब्रिजमध्ये जो नियम शिकतो तो पुण्यात आणि पैठणात सारखाच लागू पडतो. शेतीशास्त्राचा नियम मात्र ज्या मातीत तो तपासला गेला त्या मातीचे नाव घेतल्यावाचून उच्चारताच येत नाही. सर्वसाधारण विधानांनी या वादाचा फार घोळ झालेला आहे, म्हणून एकच उदाहरण घेतो. पिकाला मिळू शकेल असे स्फुरद मातीत किती आहे हे अजमावण्याची एक प्रसिद्ध रीत ब्रे आणि कुर्ट्झ या शास्त्रज्ञांनी इलिनॉय विद्यापीठात 1945 मध्ये मांडली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनियम फ्लोराइड यांच्या द्रावणात मातीचा नमुना हलवायचा, गाळून घ्यायचा, आणि द्रावणात उतरलेले स्फुरद रंगाच्या गडदपणावरून मोजायचे. आम्लधर्मी जमिनीत ही रीत उत्तम चालते. तीच शिकून आलेला पदवीधर मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या रानात ती वापरू लागला म्हणजे द्रावणातील आम्ल स्फुरदापर्यंत पोहोचण्याआधीच चुन्यावर खर्ची पडते, फ्लोराइड कॅल्शियमशी बांधले जाते, आणि स्फुरद जमिनीत असूनही आकडा तळाला जातो. त्या आकड्यावर विसंबून शेतकऱ्याला जादा खताची शिफारस होते; त्याचे पैसे जातात ते जातातच, पण स्फुरदाचा अतिरेक झाला की पिकाला जस्त मिळेनासे होते, आणि खत घालूनही कोवळी पाने फिकट का पडतात हे त्याला कोणी सांगू शकत नाही. यात त्या पदवीधराने हयगय केली असेही म्हणवत नाही. जे शिकवले गेले ते त्याने इमानाने केले, आणि नेमके तेच चुकले.

पुरस्कर्ता : उदाहरण तुम्ही निवडलेत, तेव्हा त्याचा उरलेला अर्धा भाग सांगण्याचा हक्क माझा. चुनखडीच्या जमिनींसाठी आपल्या प्रयोगशाळा आज जी रीत वापरतात, म्हणजे 8.5 सामूच्या सोडियम बायकार्बोनेटची, ती ओल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध केली. आणि तीही अमेरिकेतच, कोलोरॅडोकडे, जिथे पाऊस थोडा आणि मातीत चुना पुष्कळ. एकाच देशाच्या दोन मुलखांत दोन निरनिराळ्या मातींनी दोन निरनिराळ्या रीती जन्माला घातल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे तुमच्या आक्षेपातून ‘जाऊ नये’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘कोठे जावे’ हा प्रश्न निघतो. आपल्या काळ्या, फुगणाऱ्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीची सख्खी भावंडे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये, डार्लिंग डाउन्सच्या पठारावर आहेत आणि टेक्सासच्या ब्लॅकलँड प्रदेशातही आहेत. विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या मुलाने विद्यापीठ निवडताना जगातील नामवंत विद्यापीठांची क्रमवारी बाजूला ठेवून मातीचा नकाशा उघडला, तर तुम्ही सांगितलेला अपघात बहुतेक टळेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ब्रे असो की ओल्सेन असो, द्रावणात उतरलेला आकडा हा स्वतः निरर्थक असतो. पीक मुळांनी जे घेते ते द्रावण घेत नाही. ते केवळ त्याचा अंदाज देते. तो अंदाज खरा की खोटा हे ठरवायचे तर पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ शेतांत, स्फुरदाच्या शून्यापासून चढत्या मात्रा देऊन पीक घ्यावे लागते. मग प्रत्येक शेताचा प्रयोगशाळेतील आकडा एका बाजूला आणि खत न घातलेल्या वाफ्याचे उत्पादन भरपूर खत घातलेल्या वाफ्याच्या तुलनेत किती टक्के आले हे दुसऱ्या बाजूला, असा आलेख मांडावा लागतो. ज्या आकड्याच्या खाली पीक खताला दाद देते आणि ज्याच्या वर देत नाही, तो उंबरठा त्या आलेखात दिसला, तरच माती परीक्षणाला अर्थ. कोणते द्रावण वापरावे हे पुस्तकात मिळते. हा उंबरठा आपल्या शिवारात कसा शोधावा, आणि तो सापडला नाही तर ती रीत टाकून कशी द्यावी, हे शिकण्यासाठी मनुष्य परदेशी जातो असे मी मानतो. तुमच्या पदवीधराला ब्रेची रीत आली होती. तिची परीक्षा कशी घ्यायची ते आले नव्हते.

आक्षेपक : ते त्याला येईल कसे? परदेशातील शिक्षणाचा जो व्यवहार आहे त्यात ते शिकण्याची सोय कितपत असते, हे पाहू. अमेरिकेत शेतीशास्त्राचा बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थी संशोधन-साहाय्यकाच्या जागेवर शिकतो. शिक्षणशुल्क माफ होते, दरमहा निर्वाहापुरता मेहनताना मिळतो, आणि त्याबद्दल आठवड्याचे 20 तास त्याने प्रकल्पाचे काम करायचे असते. ही व्यवस्था उदार आहे यात शंका नाही. मध्यम स्थितीतल्या घरातली मुले तिच्याविना तिकडे जाऊच शकणार नाहीत. परंतु पैसा ज्या प्रकल्पाचा, प्रश्नही त्याच प्रकल्पाचा. प्राध्यापकाने दोन वर्षांपूर्वी सरकारी खात्याकडे किंवा मका-सोयाबीन उत्पादकांच्या मंडळाकडे अर्ज केलेला असतो, त्यात प्रश्न, रीत, मुदत आणि अपेक्षित फळ ही सारी कलमवार लिहून मंजूर झालेली असतात, आणि हा मुलगा विमानातून उतरतो तेव्हा त्याच्या वाट्याला त्यातले एक कलम येते. पेरणी मे महिन्यात, कापणी ऑक्टोबरात, हिवाळा प्रयोगशाळेत. दोन वर्षांच्या पदवीत त्याला फार तर दोन हंगाम लाभतात, आणि पहिल्या हंगामात तर तो ट्रॅक्टर हाकायला आणि वाफे आखायला शिकत असतो. उंबरठा शोधण्याचे जे काम तुम्ही वर्णिलेत, ते अनेक शेतांचे आणि अनेक वर्षांचे आहे. ते कोणी तरी पूर्वीच केलेले असते. विद्यार्थ्याच्या हाती त्याचे फलित येते; ते मिळवताना झालेली धडपड त्याने पाहिलेली नसते.

आणि माती पाहून विद्यापीठ निवडावे हा तुमचा उपदेश मला मान्य आहे, पण तो ऐकणार कोण? आपल्या सरकारी परदेश-शिष्यवृत्त्यांच्या अटी वाचा. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक अमुकाच्या आत असावा, ही तरतूद सापडेल; अर्जदाराच्या जिल्ह्याची जमीन आणि त्या विद्यापीठाच्या परिसरातील जमीन यांचे साम्य विचारणारा रकाना कोठेही सापडणार नाही.

पुरस्कर्ता : रकाना नाही हे खरे, आणि तो असावा अशी सूचना मी आनंदाने करीन. पण प्रश्न दुसऱ्याचा असतो ही तुमची तक्रार अमेरिकी साहाय्यकाच्या जागेला जितकी लागू पडते तितकी सर्वत्र पडत नाही. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे डॉक्टरेटची एक पद्धती आहे, तिला सँडविच पद्धती म्हणतात. विद्यार्थी आरंभीचे काही महिने तेथे राहून प्रश्नाची मांडणी करतो, मधली वर्षे मायदेशी येऊन क्षेत्रकार्य करतो, आणि शेवटी पुन्हा तेथे जाऊन प्रबंध लिहितो. मातीही आपली, पाऊसही आपला, आणि परीक्षक मात्र बाहेरचे. या पद्धतीत काय घडू शकते हे समजण्यासाठी एक उदाहरण तपशिलाने पाहू.

समजा, परभणीकडची एक विद्यार्थिनी आहे. सोयाबीन निघाल्यावर रानात उभी राहणारी तूर, पाऊस गेल्यानंतर कोणत्या थरातून किती पाणी उचलते, हा तिचा प्रश्न. मातीतील ओलावा मोजण्यासाठी ती विद्युत्-गुणधर्मांवर चालणाऱ्या सळया तिकडून शिकून आणि घेऊन आली आहे. त्या तिने 15, 30 आणि 60 सेंटिमीटर खोलीवर बसवल्या. खरिपात सारे ठीक चालले. नोव्हेंबर सरत आला, जमिनीला भेगा पडू लागल्या, आणि एके दिवशी 60 सेंटिमीटरवरची नोंद दोन दिवसांत 34 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आली. ज्याला केवळ यंत्र चालवता येते तो हा आकडा वहीत उतरवून ‘तुरीने खालच्या थरातील पाणी झपाट्याने घेतले’ असे प्रकरण लिहील. ती हिशोब करते. 20 सेंटिमीटर जाडीच्या थरातून 25 टक्के पाणी गेले म्हणजे 50 मिलिमीटर गेले. त्या दिवसांत पिकाची सगळ्या थरांतून मिळून गरज दिवसाला जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. मग दोन दिवसांत 50 मिलिमीटर गेले कोठे? उत्तर असे की ते कोठेच गेले नाहीत. माती आकसली, सळई आणि माती यांच्यामध्ये भेग पडली, आणि यंत्र आता मातीऐवजी मधली हवा मोजू लागले.

ती गिरमिटाने त्याच खोलीवरचे नमुने काढते, तोलते, 105 अंशांवर चोवीस तास वाळवते, पुन्हा तोलते. वजनाच्या हिशोबाने ओलावा 24 टक्के भरतो. पण गोष्ट येथेही संपत नाही. वजनावरून आकारमानाच्या हिशोबात जायचे तर मातीची घनता हवी, आणि काळ्या मातीची घनता तिच्या ओलाव्याबरोबर बदलते. फुगलेली असताना 1.25 च्या आसपास, ढेकूळ पुरते वाळले की 1.75 पर्यंत. पुस्तकातली कोणती घनता धरली यावर तिचे उत्तर 30 टक्के येईल की 42 टक्के हे ठरणार. म्हणून ती त्या दिवशीचे, त्या ओलीतले ढेकूळ काढून, त्याला मेणाचा पातळ थर देऊन, हवेत आणि पाण्यात तोलून त्याची घनता काढते, ती 1.4 येते, आणि ओलावा 34 टक्क्यांच्या आत-बाहेर ठरतो. म्हणजे खालचे पाणी जागच्या जागीच होते. हे शिक्षण वाखेनिंगेनच्या पोल्डरात मिळाले नसते, आणि केवळ परभणीतही कदाचित मिळाले नसते.

आक्षेपक : तुमच्या शेवटच्या वाक्यातला ‘कदाचित’ मला फार महत्त्वाचा वाटतो. गिरमीट परभणीत आहे, भट्टी परभणीत आहे, तराजू आणि मेण तर कोठेही आहेत. आपल्या कृषी विद्यापीठांतील जुनी माणसे गिरमिटानेच ओलावा मोजत आली, आणि भेगाळलेल्या रानातला आकडा जपून वाचावा हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. मग त्या मुलीने समुद्र ओलांडून आणले काय? फसणारी सळई आणली, आणि ती फसल्यावर आपल्याकडच्या गिरमिटाने तिला सोडवली!

पुरस्कर्ता : टोला चांगला आहे, पण पुरता बसत नाही. सळई तासातासाची नोंद ठेवते, गिरमीट आठवड्यातून एकदा. उघडिपीच्या दहा दिवसांत मुळे कोणत्या थराकडे वळली हे गिरमिटाच्या नोंदींत निसटते, आणि गिरमिटाने प्रत्येक वेळी नवे भोक पडत असल्यामुळे त्याच जागेचा ओलावा दुसऱ्यांदा मोजताच येत नाही. दोन्हींची गरज आहे. एकाने दुसऱ्याची झडती घ्यायची. आणि तिने आणलेली खरी वस्तू म्हणजे ‘50 मिलिमीटर गेले कोठे’ हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ न देणारा मार्गदर्शक, आणि त्या प्रश्नापायी एक अख्खा हंगाम तपासणीत घालवण्याची परवानगी. आपल्याकडे बुद्धी कमी नाही. तो हंगाम मंजूर करणारे दप्तर कमी आहे.

आक्षेपक : दप्तराचा विषय तुम्हीच काढलात, तर सँडविच पद्धतीतल्या दप्तराकडेही पाहू. मातीचा नमुना म्हणजे कोणी खिशातून नेण्याचा जिन्नस नव्हे. युरोपीय संघाबाहेरची माती तिकडे नेण्यास रोगकिडींच्या भयाने मनाई आहे; संशोधनासाठी खास परवानगी काढावी लागते, आणि अमेरिकेतही परवान्यावाचून माती उतरवून घेत नाहीत. मातीतील जिवाणूंवर काम करायचे असेल तर आपला 2002 चा जैवविविधता कायदा आडवा येतो, आणि माझ्या मते तो रास्तपणेच येतो: परदेशी व्यक्तीला, किंवा आयकर कायद्याच्या अर्थाने अनिवासी ठरलेल्या भारतीय नागरिकालाही, येथील जैविक संपत्ती संशोधनासाठी घ्यायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. पुष्कळ मुलांना हे ठाऊकच नसते की वर्षाचा बराच भाग परदेशात काढल्यामुळे आपल्याच बापाच्या शेतातले जिवाणू गोळा करताना आपण कायद्याच्या दृष्टीने परके ठरलो असू. मंजुरीला महिने लागतात, मृग कोणासाठी थांबत नाही, आणि चार वर्षांच्या निधीतला एक खरीप कागदांतच संपतो.

याहूनही बोचणारी गोष्ट अशी. क्षेत्रकार्य येथे झाले, पण आकडे कोणाचे? ते तिकडच्या संगणकात, तिकडच्या नियमांनी जपले जातात, इंग्रजीत प्रसिद्ध होतात, आणि ज्या शेतकऱ्याच्या तुरीत तिने वर्षानुवर्षे भोके पाडली त्याला शेवटी एवढेच कळते की मॅडमांना पदवी मिळाली. हॅरल्ड मान हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य, जन्माने इंग्रज. पिंपळे सौदागर गावाची जमीन आणि माणसे यांचा त्यांनी केलेला अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध झाला. पण ते येथेच नोकरीला होते. त्यांचा प्रश्न आणि त्यांचे गाव यांत पुण्याहून जाऊन येण्याइतकेच अंतर होते. आज आपलीच मुलगी, आपल्याच गावात, सात हजार किलोमीटरवरून आलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधते. यात उलटे काही झाले आहे असे तुम्हाला वाटत नाही का?

पुरस्कर्ता : वाटते. आणि म्हणूनच निधी स्वीकारण्यापूर्वी काय मागावे हे तिला कोणी तरी सांगितले पाहिजे. कच्च्या नोंदींची संपूर्ण प्रत मायदेशातील संस्थेतही राहील; नमुन्यांची तपासणी होता होईल तो येथील प्रयोगशाळेत होईल आणि त्या प्रयोगशाळेच्या माणसाचे नाव लेखावर येईल; जैविक नमुने असतील तर मंजुरीचा अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात, दोन्ही संस्थांच्या करारनाम्यासह जाईल; आणि शेतकऱ्याला त्याच्या रानाची नोंद मराठीत, हंगामाच्या आत मिळेल. या चारही गोष्टी करारात लिहून घेता येतात. त्यांना फारसा खर्च नाही. बहुतेक वेळा त्या केवळ कोणी मागत नाही म्हणून राहून जातात. परंतु प्रश्न मुळात कोणाचा, या तुमच्या मुद्द्यावर कराराने मात होत नाही, हे मी कबूल करतो. त्यासाठी मला आणंदची आठवण होते.

आणंदला 1949 मध्ये व्हर्गीस कुरियन आले ते सरकारी शिष्यवृत्तीच्या बंधपत्रामुळे आले. मिशिगनमध्ये त्यांचा खरा अभ्यास धातुशास्त्राचा होता आणि दुग्धव्यवसाय कागदापुरता. त्याच मिशिगनमध्ये शिकलेले त्यांचे स्नेही हरिचंद दलाया हे मात्र दुग्धशास्त्राचे जाणते. आपल्याकडचे दूध म्हशीचे, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे पाश्चात्त्य जाणकार सांगत. त्यांचे सगळे शास्त्र गायीच्या दुधावर उभे होते, आणि म्हशीच्या दुधात स्निग्धांश, केसीन आणि कॅल्शियम ही सगळीच अधिक. दलायांनी ती करून दाखवली, आणि 1955 मध्ये तेथे भुकटीचा कारखाना उभा राहिला. परदेशात शिकलेली तुषार-शुष्कनाची रीत, तिच्यावर बसलेला ‘गायीपुरतीच’ हा शिक्का, आणि तो शिक्का येथे तपासून खोटा ठरवणारा मनुष्य: मी मघापासून जे सांगतो आहे तेच हे.

आक्षेपक : आणि मी जे सांगतो आहे तेही हेच! दलायांच्या पुढे प्रश्न कोणी ठेवला? खेडा जिल्ह्यातील उत्पादकांच्या संघाने. हिवाळ्यात म्हशी दूध अधिक देत, मुंबई ते सगळे घेईना, आणि उरलेल्या दुधाचे करायचे काय हा प्रश्न रोज सकाळ-संध्याकाळ दारात येऊन उभा राहत असे. प्रश्न आधी होता, विद्या मागून आली. आता याच्या उलट उदाहरण पाहा. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेच्या ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले. इंग्रज सरकारच्या रोषामुळे मायदेश बंद झाला, तेव्हा ते मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर काम केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात आणले. ते नागपुरास परतले तेव्हा देश स्वतंत्र झाला होता, पण त्यांचे कर्तृत्वाचे दिवस मेक्सिकोच्या मातीत गेले होते. मेक्सिकोने त्यांना जमीन दिली, विद्यार्थी दिले, आणि क्रांतीनंतर जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांचा जिवंत प्रश्न दिला. विद्या रुजते ती जिथे तिची मागणी आहे तिथे. मालकाच्या जन्मगावाशी तिचे काही नाते नसते.

पुरस्कर्ता : मग आपण दोघे जवळजवळ एकाच ठिकाणी आलो.

आक्षेपक : जवळजवळ; कारण माझा खरा आक्षेप आता कोठे मला स्वतःला स्पष्ट होतो आहे. तुमची ती परभणीची विद्यार्थिनी डॉक्टर होऊन आली असे धरू. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी परतीची अट घातलेली असते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी शिष्यवृत्त्यांत शिक्षण संपल्यावर दोन वर्षे त्या देशाबाहेर राहावे लागते, अमेरिकेच्या सरकारी पैशावर विनिमय-प्रवेशपत्राने गेलेल्यालाही मायदेशी दोन वर्षे काढावी लागतात, आणि आपल्याकडची बंधपत्रे तर जामीनदारांसह असतात. या अटींनी तिचे शरीर आणले. पुढे? समकक्षतेचा दाखला, जाहिरातीची वाट, कंत्राटी जागा, आणि मिळालीच कायमची जागा तर वर्गावरचे तास, परीक्षा, मेळावे आणि माहिती पाठवण्याचे हुकूम. ढेकूळ मेणात बुडवून तोलायला तिला कोणी बंदी करणार नाही. तसे तोलावे अशी गरजही कोणाला भासणार नाही. एका वर्षाने तीही पुस्तकातली घनता धरू लागेल.

पुरस्कर्ता : ती तशी धरू लागली तर दोष तिचा नसेल, हे खरे, पण तुमच्या युक्तिवादाचे टोक मला धोक्याचे दिसते. प्रश्न विचारणारी संस्था आधी हवी आणि मग माणूस पाठवावा, असे तुम्ही म्हणता. खेडा जिल्ह्याचे नशीब सर्व जिल्ह्यांना लाभत नाही. कोरडवाहू तुरीचा शेतकरी दुधासारखा रोज सकाळी संघाच्या दारात उभा राहत नाही. त्याचा प्रश्न उघडिपीच्या दहा दिवसांत येतो, आणि पीक गेले की तोही गप्प होतो. असा मुका प्रश्न ऐकू येण्यासाठीच कोणी तरी 34 आणि 9 यांच्यातला खोटेपणा ओळखणारे हवे. संस्था उभी राहीपर्यंत थांबायचे तर ती उभी करणारे येणार कोठून? दलाया आधी होते की संघ आधी होता, हा हिशोब तुम्ही वाटतो तितक्या सहज मांडलात. संघाला ‘भुकटी होईल का’ असे विचारण्याचे धैर्यही, ती करून पाहील असा मनुष्य दारात होता म्हणूनच आले असेल.

आक्षेपक : तो तर्क आहे, पुरावा नव्हे.

पुरस्कर्ता : तर्कच आहे. पण तुमचे ‘एका वर्षाने पुस्तकातली घनता’ हेही भाकीतच आहे. दोहोंचा निकाल एकाच ठिकाणी लागेल: परतल्यावर तिच्या पहिल्या तीन खरिपांत. सळया, गिरमीट आणि एक मदतनीस एवढ्यासाठी थोडी रक्कम कोणी मंजूर केली, आणि पहिल्या वर्षी पाऊस फसला म्हणून प्रकल्प बंद न करता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुदत दिली, तर तिची विद्या येथली होईल. परदेशात पाठवण्यासाठी आपण जो निधी काढतो, त्यातला एक हिस्सा या तीन खरिपांसाठी आधीच राखून ठेवावा, असे मला वाटू लागले आहे.

आक्षेपक : तर मग पाठवायची माणसे कमी होतील.

पुरस्कर्ता : होतील. चार जणींऐवजी तिघी जातील.

आक्षेपक : आणि ती चौथी कोण, हे ठरवणारा मनुष्य तुम्ही किंवा मी असणार नाही. ती बहुधा तीच असेल, जिच्या गावाची जमीन कोणत्याही नामवंत विद्यापीठाच्या शेजारी सापडत नाही. पाठवणी आणि परतीची सोय यांत पैसा वाटून द्यायचा, तर आधी कोणाचा प्रश्न वाट पाहू शकतो हे ठरवावे लागेल. आणि ते कसे ठरवावे, याचे माप ना तुमच्या आलेखात आहे, ना माझ्या आक्षेपात.